एका माणसाची खिचडी आणि तीन मिनिटांचं गाणं

तापलेल्या तुपात जिरं टाकल्यावर ते तडतडायला दहा-पंधरा सेकंद लागतात, आणि तिथून काळं पडायला त्याहून थोडे अधिक. एवढ्या वेळात गझलेचा एक शेरही पुरा होत नाही. मला हे ठाऊक आहे, कारण एका संध्याकाळी मेहदी हसन यांची एक गझल ऐकताना दुसरा मिसरा कुठे वळतो याची वाट बघत मी झारा हातात घेऊन नुसता उभा राहिलो. मिसरा फार सुंदर वळला. जिऱ्याचा कोळसा झाला, मागोमाग टाकलेली हळद करपली, आणि ती फोडणी सिंकमध्ये ओतून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. दोष गझलेचा नव्हता. ती ओट्यापाशी ऐकायची चीज नव्हे, एवढंच.

बदलीमुळे गेली तीन वर्षं सोमवार ते शुक्रवार मी एकटा राहतो. ऑफिसातून घरी पोचेपर्यंत पावणेआठ होतात. डबा लावून पाहिला, पण रोज संध्याकाळी कुणीतरी बांधून दिलेलं गार अन्न उघडायचा कंटाळा आला आणि मी स्वयंपाक करू लागलो. सोबतीला गाणी आली ती त्यामुळेच. तेव्हापासून मी एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करतोय: दिवसभर दमलेल्या, घरात एकट्या असलेल्या माणसाला भाजी चिरताना, फोडणी देताना नेमकं कुठल्या प्रकारचं गाणं सोसतं? 'शांत गाणी लावावीत' हे उत्तर फार ढोबळ आहे. शांत गाण्यांतही काही ओट्यापाशी चालतात आणि काही अजिबात चालत नाहीत.

माझ्यापुरतं उत्तर मराठी भावगीतात सापडलं, आणि त्यामागचं कारण तांत्रिक आहे. भावगीताआधी आपल्याकडे घराघरांत पोचलेलं गाणं म्हणजे नाट्यसंगीत. ते ध्वनिक्षेपकाशिवाय, थेटरातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचं असे. त्यामुळे आवाज खुला, फेक मोठी, ताना दणदणीत. समोर हजार माणसं आहेत हे त्या गाण्यात कायम जाणवतं. पुढे मायक्रोफोन आला आणि गवयाला ओरडायची गरज उरली नाही. मुंबईत 1927 साली नभोवाणी सुरू झाली, तबकड्या घरोघर वाजू लागल्या, आणि समोर मंडप नसून खोलीत बसलेलं एखाददुसरं माणूस आहे असं धरून गाता येऊ लागलं. ग. ना. जोशी यांनी तिसाच्या दशकात ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता तबकडीवर गायली, आणि मराठी भावगीताची सुरुवात सांगताना बहुतेक जण तिथूनच सांगतात. गजाननराव वाटव्यांनी मराठी कविता पेटीवर गाऊन गावोगावी नेली तीही याच काळात. जाहीर कार्यक्रमातही त्यांच्या गाण्याचा घाट एकाशी बोलल्यासारखाच राहिला.

म्हणजे भावगीत हे मुळातच खोलीतलं, जवळून गायलेलं गाणं आहे. घरात एकट्यानं कांदा चिरणाऱ्याला हेच हवं असतं: कुणीतरी जवळ आहे, पण उत्तर मागत नाही.

या गाण्याची लांबीही कामाची. तेव्हाच्या दहा इंची, मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांपलीकडे काही मावत नसे. धृपद, दोन-तीन अंतरे, मधले वाद्यांचे तुकडे, सगळं त्यातच. मोठ्या तबकड्या आल्यावरही ही सवय बऱ्याच अंशी टिकली. एखाद्या कवितेची चारपाच कडवी असली तर निम्मी गळत, याबद्दल कवींनी कुरकुर केली असेल तर ती रास्तच म्हणायची. स्वयंपाक करणाऱ्याचा मात्र फायदा झाला. त्याच्या हाती तीन-साडेतीन मिनिटांचं एक माप आलं, आणि त्याचा उपयोग पुढे सांगतो.

आता लयीबद्दल. जात्यावरच्या ओव्या आठवा. पुण्याच्या संशोधकांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून त्या एक लाखाहून अधिक गोळा केल्या आहेत. ओवीची चाल संथ, कारण जात्याचा खुंटा ज्या वेगानं फिरेल त्याच वेगानं ती म्हणायची. लय दगड ठरवी, बाई त्या लयीत शब्द बसवी. आपल्या ओट्यावर असं काही उरलेलं नाही. गॅस, सुरी, किसणी, यांतली एकही गोष्ट लय ठरवून देत नाही, आणि मग हात गाण्याची लय उचलतो. हे तुम्ही स्वतः करून पाहू शकता. एखादं उडत्या चालीचं गाणं लावून काकडी चिरा आणि कापांची जाडी बघा. सुरी ठेक्यावर पडायला लागते, वेग वाढतो, काप जाडे-बारीक होतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोटाला पट्टी लागते.

म्हणून मी गाणं यादीत घेण्याआधी त्याची लय मोजतो. घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद मांडीवर ठेका धरायचा, किती थापा पडल्या ते मोजायचं आणि चारनं गुणायचं. साठ ते ऐंशीच्या मधलं गाणं चिरण्या-निवडण्याला बरं पडतं. माझी चालही साधारण तेवढीच असते, दमून जिना चढतानाची. पन्नासच्या खाली उतरलं की पाय जड होतात, आणि शंभराच्या वर गेलं की मी कामाला जुंपल्यासारखा भराभर आवरू लागतो. त्या घाईत संध्याकाळ कुठे गेली ते कळत नाही. आवरून एवढी कसली गाडी पकडायची असते! ताल दादरा असेल तर दुधात साेय. सहा मात्रांचा, तीन-तीनचा तो झोका पातेल्यात गोल फिरणाऱ्या पळीशी छान जमतो. रूपकाच्या सात मात्रांत माझी पळी दर आवर्तनाला अडखळते. तबलजींनी हसू नये.

यापुढची गोष्ट मला फार उशिरा कळली. स्वयंपाकघर ही गोंगाटाची जागा आहे. चिमणीचा किंवा एक्झॉस्टचा पंखा खालच्या पट्टीत घुमत असतो, त्यात डग्गा बुडतो. मोबाइलच्या बारक्या स्पीकरमधून तो तसाही धड येत नाही. फोडणीची चरचर वरच्या पट्टीत असते, तिच्यात स, श, च असली व्यंजनं विरघळून जातात. मग उरतं काय? मधल्या पट्टीतला गळा आणि लांबवलेले स्वर. गच्च शब्दांची गझल किंवा गडद वाद्यमेळाचं आजचं गाणं या चाळणीतून गळून जातं. जुन्या ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज पुढे आणि चार-पाच वाद्यं मागे अशी मांडणी असते, त्यामुळे ते बरंचसं शाबूत पोचतं. अरुण दाते यांचं 'शुक्रतारा' घ्या. पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, सोबत सुधा मल्होत्रा, साल 1962. दाते इंदूरचे, शिक्षणानं आणि नोकरीनं कापड उद्योगातले इंजिनिअर, आणि त्यांचा आवाज असा की कुठेही जोर लावल्यासारखा वाटत नाही. खळ्यांनी चाल बांधताना ओळीच्या शेवटी श्वासाला जागा सोडली आहे. पंखा चालू असतानाही हे गाणं माझ्यापर्यंत पोचतं, कारण त्याचं सगळं भांडवल त्या लांबवलेल्या स्वरांत आहे.

मोबाइल कुठे ठेवायचा, याचेही प्रयोग झाले. रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात ठेवला की आवाज मोठा होतो खरा, पण पातेलं स्वतःच खणखणायला लागतं आणि हेमंतकुमारांसारखा घोगरा, गहिरा आवाजही डब्यातून आल्यासारखा वाटतो. चिनी मातीच्या खोल वाडग्यात तो बराच सुसह्य होतो. त्याहून चांगली जागा म्हणजे ओट्यापासून हातभर लांब, दोन भिंतींच्या कोपऱ्यात, स्पीकर भिंतीकडे करून. तिथे वाफ आणि तेलाचे शिंतोडेही पोचत नाहीत.

रागाकडेही थोडं बघावं लागतं. सूर्यास्ताच्या संधिप्रकाशात गायचा म्हणून मारवा सांगतात, आणि संध्याकाळ आहे म्हणून मी एकदा तोच लावला. चुकलं. मारव्यात पंचम नाही, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्ज, म्हणजे आपलं घर, तो जवळ आणून पुन्हा पुन्हा हुकवतो. मैफलीत ही हुरहूर अंगावर येते आणि हवीशीही वाटते. पण रिकाम्या घरात, दिवे लागायच्या सुमाराला, बटाटा सोलत असताना ती सोसत नाही. मी दहा मिनिटांत बंद केला. त्यानंतरच्या प्रहरातला यमन मात्र या वेळेला नेमका बसतो. मध्यम तेवढा तीव्र, बाकी सगळे स्वर शुद्ध, आणि गळा गंधार-निषादावर निवांत टेकतो. 'तोच चंद्रमा नभात' हे शान्ता शेळके आणि सुधीर फडके यांचं गाणं यमनातलं, आणि रवींद्र जैन यांनी 1976च्या 'चितचोर'साठी बांधलेलं, येसुदास-हेमलता यांचं 'जब दीप जले आना' हेही यमनातलंच. दोन्ही माझ्या यादीत आहेत. पहिल्याच्या शब्दांत विरह आहे, पण चालीत इतकी सभ्यता आहे की तो अंगावर धावून येत नाही.

'गीतरामायण' मात्र मी ओट्यापाशी लावत नाही, आणि यावर आमच्या घरात मतभेद आहेत. 1955च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं आणि आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी वर्षभर चालली. त्या वेळी लोक रेडिओपुढे उदबत्ती लावून, हार घालून बसत. बसून ऐकण्यासाठीच ते आहे. माडगूळकरांची कडवी एकापाठोपाठ एक गोष्ट पुढे नेतात, मधलं एक हुकलं तर चुटपुट लागते, आणि कुकरला शिट्टी नेमकी तिथेच व्हायची असते. माझी बायको म्हणते, पाठ आहे त्याला काय हुकायचं? तिचंही बरोबर आहे. ओट्यापाशी नवं गाणं ऐकूच नये, पाठ असलेलंच ऐकावं, हे मी तिच्याकडूनच शिकलो. पाठ असलेल्या गाण्याचा बुडालेला शब्द मन आपोआप भरून काढतं, आणि डोळे जिऱ्यावर राहतात.

आता एक संध्याकाळ सांगतो, साधी मुगाच्या खिचडीची. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मुगाची पिवळी डाळ. एका भुकेल्या माणसाला तेवढी पुरते. घरात शिरल्याबरोबर हे दोन्ही धुवून भिजत घालायचं आणि गाणं लावायचं नाही. दिवसभराच्या फोनांनी कान किटलेले असतात, त्यांना दहा मिनिटं काहीच नको असतं. तोंडहात धुवायचे, कपडे बदलायचे. मग यादी सुरू करायची. पहिलं गाणं कांद्याला, दुसरं बटाट्याला आणि आल्याला. दोन गाण्यांत एका माणसाचं चिरून होतं, आणि होत नसेल तर सुरीला धार लावायची वेळ झाली असं समजावं. तिसऱ्या गाण्यात ताट-वाटी धुवून घ्यायची, पापड काढून ठेवायचा. एवढ्यात डाळ-तांदळाला वीसेक मिनिटं मिळालेली असतात.

फोडणीला मी शब्द ठेवत नाही. इथे 'कॉल ऑफ द व्हॅली' या 1967च्या तबकडीतला भूप लागतो. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरच्या दरीतल्या एका मेंढपाळाचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत रागांतून सांगणारी ही तबकडी आहे, आणि भूप त्यातल्या संध्याकाळचा. तिचे निर्माते कोण, तर 'शीळ' गाणारे तेच ग. ना. जोशी. पुढे ते ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातच रमले. मला हे कळलं तेव्हा माझ्या यादीची दोन टोकं आपोआप जुळल्यासारखं वाटलं. तर भूप वाजत असताना छोट्या कुकरात दोन चमचे तूप, जिरं, चिमूटभर हिंग, चार मिरे, आलं, कांदा, बटाटा, हळद, मग निथळलेले डाळ-तांदूळ. दोन मिनिटं परतायचं. तीन वाट्या पाणी, मीठ, झाकण.

मध्यम आचेवर पहिली शिट्टी यायला सहा-सात मिनिटं लागतात, पुढच्या दोन साधारण दोन-दोन मिनिटांनी. गाण्यात रमलं की शिट्ट्या मोजायच्या राहतात, किती झाल्या कळत नाही, आणि मग गॅस आधीच बंद होतो किंवा खिचडी तळाला लागते. यावर माझी युक्ती साडेतीन मिनिटांच्या मापाची. पहिली शिट्टी ज्या गाण्यात होईल ते संपू द्यायचं, पुढचंही पुरतं ऐकायचं आणि मग गॅस बंद. शिट्टी गाण्याच्या सुरुवातीला झाली की शेवटाला, यावर तीन-साडेतीन मिनिटांपर्यंत फरक पडतो, पण मऊ खिचडीला तो चालतो. साध्या भाताला ही युक्ती वापरू नका, त्याची पेज होईल.

यादी आधी ठरवून मोबाइलवर उतरवून ठेवलेली असावी, हे मी एका वाईट संध्याकाळनंतर शिकलो. कुठल्याशा अॅपवर गाणी आपली आपण पुढे जाऊ दिली होती. फडक्यांनंतर तिथे दुप्पट आवाजात दुचाकीच्या कर्जाची जाहिरात आली आणि मागोमाग लग्नाच्या वरातीतलं गाणं. माझे हात कणकेत. कोपरानं बटण दाबायचा प्रयत्न केला तेव्हा मोबाइल वाडग्यातून उडाला. शिवाय जुनी-नवी ध्वनिमुद्रणं एकामागून एक लावली की काही हळू, काही मोठी वाजतात. बहुतेक अॅपच्या सेटिंगमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणायची सोय असते, ती चालू करून ठेवावी. आणि यादीतून एखादं गाणं काढावं लागलं तर काढावं. माझ्या यादीत तलत महमूद यांचं एक होतं. लय बासष्ट, आवाज मलमलीचा, सगळ्या कसोट्यांना उतरलेलं. पण ते वडील गुणगुणायचे. ते गेल्यानंतरच्या वर्षात तीन वेळा त्या गाण्याशी माझी पळी थांबली. आता ते रविवारी दुपारी ऐकतो, बसून.

गॅस बंद केल्यावर कुकरची वाफ आपली आपण जिरायला दहा मिनिटं द्यावी लागतात. चिमट्यानं शिट्टी उचलून घाई केली तर डाळीचं पिवळं पाणी फसफसून झाकणावर, गॅसवर, भिंतीवर. तर तीन गाणी. पहिल्यात ओटा पुसून होतो, दुसऱ्यात पापड भाजून होतो. तिसऱ्याला करायला काही उरत नाही, आणि तिथे मी 'शुक्रतारा' ठेवलंय. दाराच्या चौकटीला टेकून ते ऐकायचं. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी मुलाचे पाढे चाललेले असतात, आमच्या सोसायटीचा पंप सुरू होतो. शेवटचं धृपद संपतं. शिट्टी बोटानं किंचित हलवून बघतो, फुस्स होत नाही. झाकण उघडतो, वाफेबरोबर आल्याचा वास वर येतो. खिचडी ताटात घेतो, वर चमचाभर तूप, आणि मोबाइल उलटा करून ठेवतो. जेवताना काही लावत नाही. पापड मोडल्याचा आवाज तेवढा येतो.